टर्ट-ब्यूटिल बेंझिल ईथर: अल्कॉक्साइड-हॅलाइड प्रकल्पाच्या नोंदी

६ जानेवारी

आज मॅडमनी फळ्यावर एकच रेणू काढला. मधे ऑक्सिजन, एका बाजूला टर्ट-ब्यूटिल, दुसऱ्या बाजूला बेंझिल. म्हणाल्या, "हा कसा बनवाल?" विल्यमसन संश्लेषण बारावीपासून पाठ आहे. अल्कॉक्साइड घ्यायचं, अल्किल हॅलाइड घ्यायचं, हॅलोजन जातो आणि त्याच्या जागी ऑक्सिजन येतो. पण या रेणूला दोन वाटा आहेत आणि कागदावर दोन्ही सारख्याच दिसतात:

```
(अ)  C6H5CH2ONa + (CH3)3CBr   →  ?
(ब)  (CH3)3COK  + C6H5CH2Cl   →  (CH3)3C-O-CH2C6H5 + KCl
```

पहिल्या वाटेने ईथर मिळत नाही, अल्कीन मिळतं, हे पुस्तकात एका ओळीत लिहिलेलं असतं आणि परीक्षेत तेवढ्याला दोन गुण मिळतात. मॅडमचं म्हणणं असं की ते अल्कीन डोळ्यांनी बघा, मोजा, मग लिहा. म्हणून प्रकल्पाची आखणी अशी ठरली: दोन्ही वाटा प्रत्यक्ष करायच्या, आणि प्रत्येक वेळी बाहेर पडणारा वायू गोळा करून ब्रोमीन वॉटरने तपासायचा. अल्कीन असेल तर ब्रोमीन वॉटरचा रंग जातो. टर्ट-ब्यूटिल ब्रोमाइडमधून निघणारं अल्कीन म्हणजे आयसोब्यूटिलीन. ते उणे ७ अंशांना उकळतं, त्यामुळे तयार झालं की फ्लास्कमधून वायू होऊन निघून येणार. साक्षीदार आयताच मिळतो.

घरी आल्यावर विल्यमसनचं थोडं वाचलं. १८५० साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये त्याने पोटॅशियम एथॉक्साइडवर एथिल आयोडाइडची क्रिया केली. त्याला खरं तर मोठं अल्कोहोल बनवायचं होतं. हाती आला तो साधा ईथर. मग मेथिल आयोडाइड घेऊन त्याने दोन वेगळ्या गटांचा मिश्र ईथर बनवला, आणि ऑक्सिजनच्या दोन्ही बाजूंना एकेक अल्किल गट असतो हे त्यावरून सिद्ध झालं. तो एथिल आणि मेथिल हॅलाइड घेऊन काम करत होता, म्हणून त्याची क्रिया सरळ चालली. टर्शरी हॅलाइड, म्हणजे ज्याच्या हॅलोजनच्या कार्बनला तीन कार्बन जोडलेले असतात असं, घेतलं असतं तर हा ईथर त्याच्या हाती लागला नसता.

८ जानेवारी

नाशिकची थंडी. टर्ट-ब्यूटिल अल्कोहोलची बाटली उघडली तर आत पांढरा गोळा. हे द्रावक २५ अंशांच्या आसपासच गोठतं. प्रयोगशाळेतल्या मामांनी बाटली कोमट पाण्याच्या बादलीत ठेवली, अर्ध्या तासात ते वितळून पाण्यासारखं झालं. बूच सैल करूनच ठेवायचं, हे त्यांनी आठवणीने सांगितलं.

आज फक्त उपकरण जुळवलं. शंभर मिलीचा गोल बुडाचा फ्लास्क, वर कंडेन्सर, कंडेन्सरच्या तोंडातून रबरी नळी, नळीचं टोक पाण्याच्या टबात आणि त्यावर पाण्याने भरलेला उलटा मेझरिंग सिलिंडर. आधी कोरी फेरी घेतली: नुसतं टीएचएफ हे द्रावक, त्यात काहीही न घालता रिफ्लक्सला लावलं. तापलेली हवा आणि द्रावकाची वाफ मिळून ४५ मिली वायू सिलिंडरमध्ये आला. हा आकडा पुढे प्रत्येक वेळी वजा करायचा आहे. त्यात ब्रोमीन वॉटर घालून हलवलं, पिवळसर तपकिरी रंग तसाच राहिला.

फेरी संपल्यावर मी मँटल बंद केलं आणि वही लिहायला वळले. तेवढ्यात फ्लास्क गार होऊ लागला, आतला दाब उतरला आणि टबातलं पाणी नळीतून उलटं चढलं. मैत्रिणीने धावत येऊन नळी ओढून काढली. आत नुसतं टीएचएफ होतं म्हणून निभावलं. सोडियम हायड्राइड असतं तर ते पाणी थेट त्यावर पडलं असतं. यापुढे कंडेन्सर आणि टब यांच्यामध्ये एक रिकामी बाटली राहील, आणि उष्णता बंद करण्याआधी नळी पाण्याबाहेर येईल. हे दोन्ही नियम वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिले.

१० जानेवारी

वाट (अ). फ्यूम हूडमध्ये ३० मिली कोरडं टीएचएफ, त्यात ०.८० ग्रॅम सोडियम हायड्राइड (तेलातलं, ६० टक्के, म्हणजे २० मिलिमोल). बर्फात ठेवून २.४ ग्रॅम बेंझिल अल्कोहोल थेंबाथेंबाने. अल्कोहोल मुद्दाम किंचित जास्त घेतलं, म्हणजे हायड्राइड मागे राहू नये. बुडबुडे सुरू झाले. दहा मिनिटं वाट पाहिली, बुडबुडे कमी वाटले म्हणून २.७ ग्रॅम टर्ट-ब्यूटिल ब्रोमाइड घातलं आणि नळी सिलिंडरखाली सरकवली.

वायू झपाट्याने येऊ लागला. पहिला सिलिंडर भरला तेव्हा आम्ही दोघी खूष. ब्रोमीन वॉटर घालून हलवलं. रंग जागचा हलला नाही. पुन्हा थोडं घातलं, पुन्हा तेच.

मॅडमनी येऊन फ्लास्क उजेडाकडे धरला. तळाशी करडे कण अजून फिरत होते, म्हणजे हायड्राइड शिल्लक होतं. आमच्या सिलिंडरमध्ये भरला होता तो हायड्रोजन! यातली फसवणूक बघण्यासारखी आहे. २० मिलिमोल हायड्राइडमधून २० मिलिमोल हायड्रोजन सुटतो, आणि २० मिलिमोल ब्रोमाइडमधून जास्तीत जास्त तेवढंच आयसोब्यूटिलीन. दोन्हींचं आकारमान जवळपास अर्धा लिटर. नुसतं आकारमान मोजून थांबलो असतो तर हायड्रोजनलाच अल्कीन म्हणून वहीत लिहिलं असतं. ही फेरी रद्द.

११ जानेवारी

तीच मापं, पण आज घाई नाही. अल्कोहोल घातल्यावर बर्फ काढला, खोलीच्या तापमानाला दीड तास फिरवलं, मग थोडं कोमट केलं. करडे कण संपले, दाट पांढरट मिश्रण उरलं, आणि नळीतून पंधरा मिनिटांत एकही बुडबुडा आला नाही. हे झाल्यावरच ब्रोमाइड घातलं आणि रिफ्लक्स सुरू केला.

काही मिनिटांत बुडबुडे. आधी एकेक, मग सलग माळ. तीन तासांत ४५ मिली वजा जाता ३१० मिली वायू जमला. सिलिंडरमध्ये दोन मिली ब्रोमीन वॉटर घालून बूच लावलं, तीन वेळा हलवलं. रंग गेला, पाणी पारदर्शक. आणखी दोन मिली घातलं, त्याचाही रंग गेला. अपेक्षा अर्ध्या लिटरच्या जवळपासची होती, पण आयसोब्यूटिलीन टीएचएफमध्ये चांगलं विरघळतं, त्यामुळे उरलेला वायू फ्लास्कमध्येच अडकला असणार.

फ्लास्कमधल्या मिश्रणात पाणी घालून सेपरेटिंग फनेलमध्ये वेगळं केलं. मिश्रणातले पदार्थ प्लेटवर वेगवेगळ्या उंचीच्या ठिपक्यांत दाखवणारी टीएलसी (हेक्झेन आणि एथिल अॅसिटेट, ९:१) बघितली: खाली एकच ठळक ठिपका, शुद्ध बेंझिल अल्कोहोलच्या शेजारी लावला तर अगदी त्याच उंचीला. ईथरचा ठिपका वर यायला हवा होता, तिथे काही नाही. द्रावक उडवून २.० ग्रॅम बेंझिल अल्कोहोल परत मिळालं. म्हणजे आपण घातलेला अल्कॉक्साइड ईथरमध्ये गेलाच नाही. त्याने एक प्रोटॉन उचलला आणि पुन्हा अल्कोहोल होऊन बसला.

असं का, हे कळण्यासाठी कपाटातलं गोळ्या-काड्यांचं मॉडेल काढलं. विल्यमसनची क्रिया चालते तेव्हा ऑक्सिजनला कार्बनच्या पाठीमागून, म्हणजे हॅलोजनच्या बरोबर विरुद्ध बाजूने यावं लागतं. बेंझिल क्लोराइडच्या मॉडेलमध्ये मागून पेन्सिल सरकवली तर ती थेट कार्बनला टेकते. टर्ट-ब्यूटिल ब्रोमाइडमध्ये मात्र पेन्सिल तीन मेथिल गटांवर अडते, कुठूनही फिरवा. पण पेन्सिलीचं टोक ज्यावर आपटतं ते काय असतं, तर मेथिल गटाचे हायड्रोजन. एकूण नऊ, सगळे बाहेरच्या बाजूला, सहज हाताला लागणारे. अल्कॉक्साइड नुसता कार्बनला जाऊन चिकटणारा न्यूक्लिओफाइल नाही, तो प्रोटॉन ओढणारा तगडा बेसही आहे. कार्बनपर्यंत रस्ता बंद आणि समोर हायड्रोजन, मग तो हायड्रोजन प्रोटॉन म्हणून ओढतो. त्या बंधाचे इलेक्ट्रॉन दोन कार्बनांमध्ये सरकून दुहेरी बंध तयार करतात आणि त्याच क्षणी ब्रोमाइड निघून जातं. हे सगळं एकाच पायरीत.

मॉडेल हातात असताना आणखी एक गोष्ट दिसली. तो हायड्रोजन ब्रोमीनच्या बरोबर उलट्या दिशेला यायला हवा, तरच इलेक्ट्रॉन सरळ सरकतात. मेथिल गट काडीभोवती फिरतो, त्यामुळे तिन्ही मेथिलमधला कोणता ना कोणता हायड्रोजन नेहमीच त्या जागी असतो.

१३ जानेवारी

प्रयोग नाही, वाचन. सोडियम एथॉक्साइड आणि एथेनॉल घेतलं तर पाठ्यपुस्तकांतले आकडे असे आहेत. ५५ अंशांना एथिल ब्रोमाइड ९० टक्के ईथर देतं. आयसोप्रोपिल ब्रोमाइडकडे आलं की ईथर २१ टक्क्यांवर घसरतो आणि ७९ टक्के प्रोपीन निघतं. टर्ट-ब्यूटिल ब्रोमाइड २५ अंशांना ९१ टक्के आयसोब्यूटिलीन देतं आणि ५५ अंशांना जवळपास सगळंच अल्कीन. तापमान वाढवलं की अल्कीनचंच पारडं जड होतं.

मैत्रिणीने बरोबर विचारलं, "मग २५ अंशांना ते ९ टक्के ईथर कुठून आलं, जर पाठीमागचा रस्ता बंद आहे?" ते दुसऱ्या मार्गाने येतं. एथेनॉलमध्ये ब्रोमाइड आपणहून सुटतं, मागे धनभारित कार्बोकॅटायन उरतो आणि आजूबाजूचं एथेनॉल त्याला चिकटतं. त्यात एथॉक्साइडचा हात नाही. आम्ही टीएचएफ वापरलं, त्यात असं सुटं होणं सोपं नाही, म्हणून आमच्या प्लेटवर तेवढाही ठिपका दिसला नाही असं मला वाटतं.

१५ जानेवारी

संक्रांतीची सुट्टी संपली, वाट (ब) सुरू. ५० मिली टर्ट-ब्यूटिल अल्कोहोल, ६.७ ग्रॅम पोटॅशियम टर्ट-ब्यूटॉक्साइड (६० मिलिमोल). गरम करून विरघळवलं आणि ड्रॉपिंग फनेलमधून ६.३ ग्रॅम बेंझिल क्लोराइड (५० मिलिमोल) वीस मिनिटांत सोडलं. बेंझिल क्लोराइडने डोळ्यांतून पाणी काढलं, आणि तेही हूडची काच खाली असताना. मापणं, ओतणं, भांडी धुणं, सगळं हूडच्या आतच करायचं.

चार तास रिफ्लक्स. पांढरा क्षार खाली बसत गेला, ते पोटॅशियम क्लोराइड. वायू मात्र कोऱ्या फेरीइतकाच, त्याहून वर काही नाही, आणि ब्रोमीन वॉटरचा रंग जसाच्या तसा.

पण टीएलसीवर निराशा. वर नवा ठिपका आहे, तो ईथरच असावा. खाली मात्र बेंझिल अल्कोहोलचा ठळक ठिपका, आणि मधे आणखी एक. काढून बघितलं तर ईथर फक्त ३.१ ग्रॅम, म्हणजे ८.२ ग्रॅमच्या अपेक्षेतले ३८ टक्के.

कारण बाटलीतच होतं. ब्यूटॉक्साइडचा भुगा मोकळा हवा होता, आमचा ढेकळं झालेला होता. बाटली कुणीतरी वारंवार उघडून ओल खाऊ दिली होती. ओल लागली की ब्यूटॉक्साइडचं पोटॅशियम हायड्रॉक्साइड होतं. ते बेंझिल क्लोराइडवर गेलं की बेंझिल अल्कोहोल मिळतं. त्या अल्कोहोलचा बेंझिलॉक्साइड होऊन तो उरलेल्या बेंझिल क्लोराइडशी जुळला की डायबेंझिल ईथर. मधला ठिपका बहुधा तोच.

१७ जानेवारी

नवी सीलबंद बाटली. भुगा पिठासारखा मोकळा. द्रावक आणि भांडी कोरडी, वर कॅल्शियम क्लोराइडची गार्ड ट्यूब. आज वायू गोळा करायचा नव्हता, म्हणून पाण्याचा टबच लावला नाही. बाकी सगळं परवासारखं.

चार तासांनी प्लेटवर बेंझिल क्लोराइडचा ठिपका नावाला उरला होता, अल्कोहोलचा अगदी फिकट. रोटाव्हॅपवर बरंचसं द्रावक उडवलं, कारण टर्ट-ब्यूटिल अल्कोहोल पाण्यात मिसळतं आणि तसंच ठेवलं तर फनेलमध्ये थर नीट वेगळे होत नाहीत. मग पाणी घालून क्षार विरघळवला, हेक्झेनने दोनदा काढलं, पाण्याने तीनदा धुतलं, सोडियम सल्फेटवर सुकवलं. अॅसिडने धुण्याचा मोह टाळला. टर्ट-ब्यूटिल ईथर तीव्र अॅसिडमध्ये तुटतो आणि पुन्हा आयसोब्यूटिलीनच सुटतं.

सिलिकाच्या छोट्या कॉलममधून काढल्यावर ५.६ ग्रॅम रंगहीन द्रव. ६८ टक्के. मॅडम म्हणाल्या, "आता बेंझिलच्या जागी साधं ब्यूटिल ब्रोमाइड घेऊन बघा. जोड्या बरोबर लावल्या तरी काय होतं ते कळेल."

२० जानेवारी

या नोंदीसाठीच हा प्रकल्प केला असं आता वाटतंय.

पुस्तकातला नियम असा: टर्शरी गट अल्कॉक्साइडमध्ये ठेवा, प्राथमिक गट हॅलाइडमध्ये. त्याप्रमाणे २.७ ग्रॅम पोटॅशियम टर्ट-ब्यूटॉक्साइड, ३० मिली टर्ट-ब्यूटिल अल्कोहोल, २.७ ग्रॅम १-ब्रोमोब्यूटेन. प्राथमिक हॅलाइड, सरळ साखळी. नियमाने ईथर मिळायला हवा. या द्रावकाची कोरी फेरी आधी घेतली होती, ती वजा करायची. रिफ्लक्स सुरू झाला आणि नळीतून बुडबुड्यांची माळ लागली. वजाबाकी करून वायू २९० मिली. ब्रोमीन वॉटर लगेच रंगहीन.

हे १-ब्यूटीन. तेही शून्याच्या खालीच उकळतं, म्हणून वायूच मिळतो. म्हणजे जोडी बरोबर लावूनही निम्म्याहून जास्त माल अल्कीनमध्ये गेला. कारण तोच, फक्त बाजू बदलली. ११ तारखेला हॅलाइड दाटीवाटीचं होतं, आज अल्कॉक्साइड दाटीवाटीचं आहे. तीन मेथिल अंगावर घेऊन आलेला ऑक्सिजन कार्बनच्या पाठीशी नीट पोचत नाही. शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन मात्र बाहेर असतो, तो त्याला सापडतो.

मग बेंझिल क्लोराइडने त्रास का दिला नाही? ते प्राथमिक आहे एवढंच कारण पुरत नाही, १-ब्रोमोब्यूटेनही प्राथमिकच. बेंझिलमध्ये हॅलोजनच्या कार्बनला लागून आहे ते बेंझिनचं कडं, आणि त्या जोडणीच्या कार्बनवर हायड्रोजनच नाही. ओढायला हायड्रोजन नसेल तर अल्कीन होणार कुठून. मेथिल आयोडाइडचंही तसंच, त्याला शेजारी कार्बनच नाही. नुसत्या अदलाबदलीने काम भागलं नव्हतं, शेजारच्या कार्बनवर हायड्रोजन नसलेलं हॅलाइड निवडलं म्हणून भागलं.

२२ जानेवारी

पडताळणी. आजही १-ब्रोमोब्यूटेन, पण अल्कॉक्साइड लहानसा: मेथेनॉलमध्ये सोडियम मेथॉक्साइड. तीन तासांत कोरी फेरी वजा जाता ८ मिली वायू. ब्रोमीन वॉटरचा रंग किंचित फिकट, गेला नाही. मेथॉक्साइड बारीक, सरळ कार्बनपाशी पोचतो.

पाठ्यपुस्तकात १-ब्रोमोऑक्टाडेकेनचे आकडे सापडले आणि ते आमच्या दोन दिवसांच्या सिलिंडरांशी जुळतात. ६५ अंशांना मेथॉक्साइडने ९९ टक्के ईथर. ४० अंशांना टर्ट-ब्यूटॉक्साइडने १५ टक्के ईथर आणि ८५ टक्के अल्कीन. तापमान कमी असूनही अल्कीन जास्त, म्हणजे इथे बेसचा आकारच ठरवतो. टर्ट-ब्यूटिल ब्यूटिल ईथर चांगल्या प्रमाणात हवा असेल तर विल्यमसनची वाट सोडून आयसोब्यूटिलीनला अॅसिडच्या मदतीने ब्यूटेनॉल जोडणं बरं. आयसोब्यूटिलीन आणि मेथेनॉलपासून मेथिल टर्ट-ब्यूटिल ईथर, म्हणजे एमटीबीई, याच पद्धतीने बनतं.

२७ जानेवारी

१७ तारखेच्या नमुन्याचा एनएमआर आला, म्हणजे रेणूतले हायड्रोजन कुठे आणि किती ते दाखवणारा आलेख. तीनच खुणा: १.३ जवळ नऊ हायड्रोजनची एक उंच रेघ, ४.४५ जवळ दोन हायड्रोजनची एक, आणि ७.२ ते ७.४ मध्ये पाच हायड्रोजनचा गठ्ठा. नवाची रेघ बघून मॉडेलमधले तेच नऊ हायड्रोजन आठवले, ११ तारखेला ज्यांनी वाट अडवली होती. इथे ते जागच्या जागी आहेत. आयआरमध्ये ३४०० च्या आसपास ओएचचा रुंद खड्डा नाही, म्हणजे बेंझिल अल्कोहोल निघून गेलं.

नमुना तपकिरी बाटलीत, वर तारीख आणि "पेरॉक्साइड तपासून मगच गरम करा" अशी चिठ्ठी. टर्ट-ब्यूटिलच्या बाजूला ऑक्सिजनलगतच्या कार्बनवर हायड्रोजन नाही, पण बेंझिलच्या बाजूला दोन आहेत आणि हवेतला ऑक्सिजन तिथे हळूहळू घुसतो. बाटली फ्रीजमध्ये, दुसऱ्या कप्प्यात, डावीकडे.